कथा: वहीची मागची पानं

निंबोणी

बऱ्याच दिवसांनी कथा टाकतेय. माणसं काल्पनिक आहेत, बिबड्या खऱ्या आहेत. खान्देशातल्या मंडळींनी चुका काढाव्यात, म्हणूनच इथे टाकली.

आजी पौषात गेली. महिनाभराने घर आवरायला दोघी बहिणी अमळनेरजवळच्या गावी आल्या, तेव्हा रानात दादर ज्वारी काढणीला आली होती. वैशाली जळगावहून आली, प्राची पुण्याहून. भांडी, गोधड्या, देव्हारा असं सगळं दोन दिवसांत मार्गी लागलं. वही राहिली.

वही म्हणजे बियाणांच्या दुकानातून कधीतरी फुकट मिळालेली डायरी. आजी चौथी शिकलेली. अक्षर टपोरं, भाषा अर्धी शाळेतली, अर्धी घरातली.

प्राचीच्या डोक्यात पुण्याहून निघतानाच ठरलं होतं. "ताई, आजीचा काळा मसाला करू. बरणीवर आजीचा फोटो. पुण्यात खान्देशी मसाला म्हटलं की लोक उड्या मारतात."

वैशालीने मसाल्याचं पान काढलं. मिरची, धने, खोबरं, दगडफूल, सगळ्यांची नावं होती. प्रमाण म्हणून पुढे एकच शब्द होता, 'अंदाजे'. खाली तेलाचा एक डाग.

"हे तुला येतं का?" वैशालीने विचारलं.

"तुला?"

"मला खाता येतो."

शेवभाजीच्या पानावरही तेच. डुबुकवड्यांच्या पानावर तर फक्त 'सुशीलेला विचारणे' एवढंच, आणि सुशीला कोण हे दोघींनाही माहीत नव्हतं. प्राची पानं उलटत राहिली, तिचा चेहरा उतरत गेला. वैशाली जळगावात एका पतपेढीत हिशेबाला. कुठलंही बाड हातात आलं की ते मागून उघडायचं, ही तिची सवय. तिने वही उलटी केली.

मागून वही वेगळीच होती. रूळ मारून रकाने पाडलेले. डावीकडे घराची खूण, मग पायली, मग काहीतरी बारीक, आणि शेवटी एक आकडा.

*पाटीलवाडा, ५ पायली, तिखट कमी. सव्वा पायली.*
*शाळेतल्या बाई, १ पायली, लसूण नको. १ शेर.*
*उधना, धाकटी, २ पायली, तीळ जास्ती. २ शेर.*

"ही उसनवारी आहे," प्राची म्हणाली.

"उसनवारीत लसूण नको असं कोण लिहितं?"

वैशालीने चार-पाच ओळी बोटावर मोजल्या. पाचाला सव्वा, एकाला एक शेर, दोनाला दोन शेर. पायलीचे शेर चार. "चौथाई," ती म्हणाली. "लोक ज्वारी आणून देत होते. आजी बिबड्या करून देत होती आणि चौथा हिस्सा मजुरी म्हणून ठेवत होती. हे आजीचं ऑर्डरबुक आहे, प्राची."

आजीच्या उन्हाळी बिबड्या दोघींनी जन्मभर खाल्ल्या होत्या. आखाजीला माहेरी आलेल्या आत्यांसाठी, पाहुण्यांसाठी आजी इतक्या करते, असंच दोघी समजत होत्या. अंगणात पसरलेली जुनी लुगडी, त्यांवर ओळीने थापलेल्या बिबड्या, राखणीला काठी घेऊन बसवलेली प्राची आणि वाटीत बिबड्यांसाठी शिजवलेला गरम घाटा, त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल. राखणीची मजुरी ती.

प्राचीला आता वेगळंच काही दिसलं. तिने बोट ठेवत ठेवत पानं मोजली. उधना, उधना, सुरत, उधना. एका उन्हाळ्याच्या बावीस नोंदींपैकी नऊ तिकडच्या. गावातली अर्धी पोरं यंत्रमागावर आणि साड्यांच्या बाजारात कामाला सुरतला गेलेली. त्यांच्या बायका पत्र्याच्या खोल्यांत राहायच्या. अंगण नाही, गच्ची घरमालकाची. बिबड्या वाळवणार कुठे? आजी तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून सुरतच्या गाडीत कोणाच्या तरी हाती डबा देत होती. शेवटच्या रकान्याखाली डबा परत आल्याची खूणसुद्धा होती.

"पुणं नाही, ताई. गिऱ्हाईक उधन्याला आहे. अजून तिथंच आहे. आता पोरांचीही लग्नं झाली असतील."

बिबड्यांची कृती समोरच्या पानांवर कुठेच नव्हती. रोजची गोष्ट कोण लिहून ठेवतं? पण हिशेबाच्या कडेला आजीने स्वतःसाठी आठवणी टिपल्या होत्या. *तीन दिन भिजाडो, पानी रोज बदलो. हातले चिकटं नही तव्हय समजानं, शिजनं. घाटा अळनी लागाले पायजे.* आणि एका पानावर, बहुतेक रागात, *ढग उनात ते घाटा खाई टाकाना.*

मग वैशालीने धान्याच्या कोठीतून आजीचं शेराचं लोखंडी माप शोधून काढलं. पायली गावागणिक बदलते, त्यामुळे वहीतल्या आकड्यांचा किलो करायचा तर आजीचंच माप हवं. सपाट भरलं तर ८९० ग्रॅम. प्राची म्हणाली, "आजी शीग लावायची. घसरून पडेपर्यंत." शीग लावली, किलो भरला. दोन पायलीत जवळजवळ एका शेराचा फरक पडत होता.

संध्याकाळपर्यंत वैशालीने हिशेब मांडला. दोन पायली, म्हणजे आठ किलो दादर, ३६० रुपये. तीळ ६०, लसूण ८०, मिरची-जिरं-मीठ ६०, भरडून दळणं ८०, गॅस १५०. एकूण ७९०. कोंडा जाऊन बिबड्या उतरतात साधारण पाच किलो सहाशे. किलोला १४१. त्यावर आजीची चौथाई चढवली की १८८. "दोनशेने देऊ," ती म्हणाली.

प्राचीने वहीतल्या एका घडी घातलेल्या कागदावरचा उधन्याचा नंबर लावला. कोणीतरी तरुण बाईने उचलला. मागे यंत्राचा आवाज. प्राचीने गावाचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसताच खडखडाट.

"आमच्या सासूबाई 'धाकटी'," बाई म्हणाली. "त्या आता नाहीत. पण डबा आहे तुमचा. परत द्यायचा राहिला."

---

पांझराकाठ

छान. डबा आवडला. आता चुका काढा म्हणालीस म्हणून काढते. मी धुळ्याची. सासूबाईंबरोबर पंधरा-सोळा उन्हाळे बिबड्या केल्यात, त्यांतली पाच वर्षं बचत गटातून विकल्याही.

पहिली गोष्ट तुझ्या वैशालीच्या १८८ रुपयांची. चौथाईने आज भागत नाही. आजीकडे लोक ज्वारीच काय, तीळ-मिरचीही आणून देत. सरपण शेतातलं. आणि थापायला बायका 'आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे' अशा येत, त्यांना रोज द्यावा लागत नव्हता. तिचा खर्च जवळपास शून्य आणि वर चौथा हिस्सा निव्वळ. तुझ्या हिशेबात १८८ मधले ४७ रुपये मजुरीचे. पाच किलो सहाशेला ते होतात २६३. आठ किलोचा घाटा एकटीने घोटून थापणं होत नाही, दोघी लागतात, पहाटे पाचपासून. म्हणजे एकीला १३१ रुपये. आमच्याकडे निंदणीलाही यापेक्षा जास्त मिळतात. रोज ३५० धर. दोघींचे ७००, खर्चाचे ७९०, मिळून १४९०. भागिले ५.६, म्हणजे किलोला २६६. त्यात फुटणं आणि फसलेला घाणा धरलेलाच नाही. दोनशेने दिल्या तर दोघी बहिणी उधन्याच्या लोकांना प्रत्येक किलोमागे ६६ रुपये पदरचे देतील.

निंबोणी

पांझराकाठ, हे मला सुचलंच नव्हतं. मी वैशालीला हिशेबात पक्की दाखवलं आणि तिच्याकडून हीच चूक करवली. आता वाटतं ही चूक कथेत राहू द्यावी आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर तिला कळू द्यावी. फसलेल्या घाण्याबद्दल जरा सांगाल?

भुसावळचा_बाबू

कथा चांगली आहे पण एक शंका. बिब्बा खाण्यात घालणं धोक्याचं नाही का? आमच्या काकांच्या अंगावर बिब्ब्याचं तेल उतून मोठे फोड आले होते. असं विकायला परवानगी मिळते?

पांझराकाठ

बाबू, बिब्ब्याचा काही संबंध नाही. ज्वारीची बिबडी. पापडाची मोठी बहीण समजा. भुसावळचे असून कधी खाल्ली नाहीत?

भुसावळचा_बाबू

नोकरीने भुसावळचा. मूळ कोकण. 🙏

पांझराकाठ

मग माफ.

निंबोणी, फसतं ते असं. भिजवण्यात आळस केला, दीड-दोन दिवसांत ज्वारी काढली, तर बिबडी तळताना फुलत नाही, दाताखाली खडे लागल्यासारखी. पाणी बदलायचं विसरलं तर वास मारते, तो वास तळूनही जात नाही. आंबूस आणि सडका यातला फरक नाकाला कळावा लागतो, लिहून सांगता येत नाही. मग निथळून वाळवायची, भरडायची, कोंडा पाखडून काढायचा. आमच्याकडे आधणात आधी कणी सोडतात, ती मऊ झाली की पीठ. सगळं एकदम टाकलं की कणी कच्ची राहते आणि वाळल्यावर बिबडीला तिथून तडा जातो. आजीने लिहिलेलं 'हातले चिकटं नही' बरोबर आहे, फक्त हात ओला करून बघायचा. कोरड्या हाताला शिजलेला घाटाही चिकटतो.

'घाटा अळणी लागायला पाहिजे' हे वाक्य कुठून मिळवलंस? ते खरं बाईचं वाक्य आहे. घाट्यात पाणी असतं, बिबडीत नसतं. घाटा चाखून मीठ बेताचं वाटलं की वाळल्यावर बिबडी खारट झालीच म्हणून समज. पहिल्या वर्षी आमचा बारा किलोचा घाणा असाच गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर वाळलेल्याही होत्या.

आणि एक. लुगड्यावर थापलेल्या बिबड्या सुटतात कशा ते तू लिहिलं नाहीस. कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, मग सोलल्यासारख्या येतात. हल्ली प्लॅस्टिकच्या कागदावर घालतात. पटकन सुटतात, पण खालच्या बाजूला घाम धरतो. वरून वाळल्यासारखी दिसते आणि डब्यात पंधरा दिवसांत बुरशी. मोडून बघायची. कट्ट आवाज आला पाहिजे. वाकली तर परत उन्हात.

निंबोणी

ते वाक्य माझ्या मावशीचं. फोनवर बोलता बोलता म्हणाली, मी लिहून ठेवलं.

हिशेबी

कथा म्हणून ठीक, पण व्यवहार म्हणून लेखिकेने मोठी गोष्ट सोडली. अमळनेर महाराष्ट्रात, उधना गुजरातमध्ये. राज्याबाहेर माल विकला की उलाढाल कितीही असो, पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी सक्तीची. ४० लाखांची सवलत फक्त राज्यातल्या राज्यात. शिवाय खाद्यपदार्थाचं लायसन्स, त्याला हजारोंचा खर्च. दोन बहिणींना हे झेपणार नाही. पुण्याला विकणंच शहाणपणाचं होतं.

वजनकाटा

हिशेबी, अर्धं बरोबर आहे. राज्याबाहेर विकताना नोंदणी सक्तीची होते ती करपात्र मालासाठी. पापडावर २०१७ पासून कर शून्य आहे, मग तो कुठल्याही नावाने ओळखला जावो. फक्त करमुक्त मालच विकत असाल तर नोंदणीचं बंधनच येत नाही. आणि अन्नपदार्थाचं म्हणाल तर छोट्या घरगुती धंद्याला मोठं लायसन्स लागत नाही, साधी नोंदणी चालते. मी २०२२ मध्ये लोणच्यासाठी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये पडले होते. बाकीचे हजार गेले ते भरून देणाऱ्या माणसाला, ते काम स्वतः करता येतं.

हिशेबी

पापडाचं मान्य. पण बिबडी हा पापड आहे हे कोणी ठरवलं? पापड लाटतात. ही शिजवून थापतात. तळणाच्या कच्च्या फ्रायम्सवरून किती वर्षं वाद चालला ते बघा. पापडासारखंच तळायचं, तरी पापड नाही म्हणत होते.

वजनकाटा

फ्रायम्स यंत्रातून दाबून काढतात. बिबडी हाताची. माझ्या मते पापडातच जाते. पण बिबड्यांवर नेमका निकाल मी वाचलेला नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही. कर सल्लागाराला एकदा विचारावं.

पांझराकाठ

बिबडीला पापड म्हटलं तर माझ्या सासूबाई उठून जातील. पण कर शून्य होत असेल तर म्हणू दे.

नंदुरबारची_लेक

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, पण वही वाचून आठवली. माझ्या आईने चार वर्षांपूर्वी कळण्याचं पीठ विकायला घेतलं होतं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे, पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायचे. पहिले दोन महिने वाहवा. पावसाळ्यात तिसऱ्या खेपेला चार घरांतून एकाच आठवड्यात फोन, पिठाला जाळी झाली. आईने पैसे परत केले आणि बंदच केलं. ज्वारी तर तीच होती, उडीदही घरचाच. मला अजून कळलेलं नाही काय चुकलं.

पांझराकाठ

उडीद धुतला होता का? धुतलेला उडीद वरून कोरडा वाटतो, आत ओल राहते. दळल्यावर पीठ जरा कोमट असतानाच पिशवीत भरलं की झालंच. पण घरच्या उडदाला कीड आधीपासूनही असू शकते. नक्की तेच कारण असेल असं नाही.

नंदुरबारची_लेक

धुतला होता बहुतेक. आईला विचारते. ती तो विषय काढू देत नाही पण.

गिरणा_डॅम

दादरच्या बिबड्या? आमच्याकडे चाळीसगाव भागात बिबड्यांना हायब्रीड ज्वारी घेतात. दादर भाकरीची. ती घोटून घोटून तळणात घालायची म्हणजे पैठणीचं पायपुसणं. दादरऐवजी हायब्रीड घेतली तर वैशालीचा खर्चही उतरेल.

पांझराकाठ

खर्च उतरेल, पण उतारा बघ. हायब्रीडच्या दाण्याला आमच्याकडे कोंडा जास्त निघतो आणि बिबडी काळपट येते. विकायची असेल तर रंग बघतातच लोक.

गिरणा_डॅम

रंग बघतात ते पुण्याचे. उधन्याचे लोक चव बघतील. माझा मामा सुरतला लिंबायतमध्ये राहतो, त्याला काळपट असली तरच गावची वाटते.

पांझराकाठ

मामाला विचार, पांढरी खाल्ली आहे का कधी.

निंबोणी

😀 आमच्या घरी दादरच्याच होत्या, पण शेतातलीच असायची, विकत घ्यायची वेळ आली नाही. विकत घेतली असती तर आजीने काय केलं असतं, माहीत नाही.

पाटी_पुस्तक

मी कथेबद्दल बोलू का? सगळे बिबड्या वाळवतायत. मला वहीचं उलटं उघडणं आवडलं, पण 'हे आजीचं ऑर्डरबुक आहे' हे वैशालीच्या तोंडी नको होतं. चौथाईचा हिशेब झाला तिथेच वाचकाला कळतं. आणि शेवटचा डबा जरा जास्तच सोयीचा आहे. इतकी वर्षं कोण डबा सांभाळून ठेवतं?

गिरणा_डॅम

खान्देशात? सगळे. माझ्या आईकडे शेजारच्यांचे तीन डबे आहेत, ते शेजारी घर विकून नाशिकला गेले त्याला आठ वर्षं झाली.

निंबोणी

पाटी_पुस्तक, ऑर्डरबुकचं वाक्य काढते. डबा ठेवते. 🙂

वजनकाटा

डब्यावरून आठवलं. पंधरा किलो तेलाच्या डब्यात बिबड्या किती मावतात? वजनाने हलक्या, आकाराने मोठ्या. माझ्या अंदाजाने जेमतेम पाच किलो. म्हणजे एका दिवसाचं काम एक डबा. नऊ घरांना दोन-दोन पायली द्यायची तर नऊ दिवस स्वच्छ ऊन पाहिजे, सलग नसलं तरी. एप्रिलमध्ये हल्ली मिळतं का?

पांझराकाठ

गेल्या दोन-तीन वर्षांत तरी अवकाळीने प्रत्येक वेळी एक-दोन घाणे नेले. फाल्गुनातच सुरू करायचं. ऊन कोवळं असतं, एका दिवसाऐवजी दोन दिवस लागतात, पण ढगांची भीती कमी. आणि ज्वारी भिजत घालायच्या आधी आभाळ बघून उपयोग नाही, थापायचा दिवस पुढे पाच-सहा दिवसांनी येतो. भिजवलेली ज्वारी वाळवून ठेवायची, ती टिकते. पीठ मात्र आदल्या दिवशीच दळायचं.

नंदुरबारची_लेक

आईला विचारलं. उडीद धुतला होता. पण ती म्हणते दोन दिवस उन्हात ठेवला होता, पाट्यावर टाकून वाजवून पाहिला होता. मग?

पांझराकाठ

मग गिरणीवाल्याला विचार, आधी कोणाचं दळण होतं.